रेशीम अळीचे उपाशी तास

रेशीम शेतीवरचा कोणताही लेख उघडा, त्यात अळी खाताना दिसते. तुतीच्या फांद्यांवर हजारो पांढऱ्या अळ्या, आणि शेडमध्ये शिरल्यावर पावसाच्या सरीसारखा येणारा पाला कुरतडण्याचा आवाज. फोटो काढावा असाच तो देखावा असतो. पण ही अळी, म्हणजे बॉम्बिक्स मोरी, अंड्यातून निघाल्यापासून कोष विणायला बसेपर्यंत जे चोवीस-पंचवीस दिवस जगते, त्यातले जवळपास चार दिवस ती काहीच खात नाही. हे चार दिवस सलग नसतात. चार वेळा कात टाकताना वीस तास, वीस तास, चोवीस तास, तीस तास असे ते वाटले जातात. त्याआधी अंड्यातला उपास असतो आणि नंतर कोषातला. बॅच बिघडते ती बहुतेकदा याच तासांत, कारण त्या वेळी शेड शांत असते आणि माणसाला वाटते की आता आपल्याला काम नाही.

अभ्यासक्रमाच्या वहीत पाच अवस्थांचे कोष्टक असते आणि विद्यार्थी ते पाठ करतात. त्यात कात टाकण्याला एक बारीक ओळ मिळते. ही वाटणी मला उलटी वाटते. म्हणून या लेखात आपण एकच बॅच धरून चालू: जालना जिल्ह्यातला एक शेतकरी, व्ही-१ तुतीची एक एकर बाग, आणि दुबार संकरित जातीचे १०० अंडीपुंज. अळी खात नाही तेव्हा आत काय चालते आणि बाहेर माणसाने काय करायचे, हे त्या बॅचच्या आधाराने पाहू.

अंडीपुंज म्हणजे एका मादी पतंगाने घातलेली सगळी अंडी, साधारण पाचशे. शंभर पुंजांची पन्नास हजारांच्या आसपास. प्रत्येक पुंज वेगळा मोजायची पद्धत पडण्यामागे एक रोग आहे, पेब्रीन. तो आईकडून अंड्यांत उतरतो. १८६५ पासून पाच वर्षे लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये या रोगाच्या मागे होते. त्यांनी काढलेला उपाय आजही तोच आहे: अंडी घालून झाली की मादीला कुटायचे, तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि पेब्रीनचे बीजाणू दिसले तर तिचा पुंज नष्ट करायचा. सरकारी कागदावर ‘रोगमुक्त अंडीपुंज’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हा.

दुबार जातीच्या अंड्याला एक विचित्र सवय आहे. ते घातल्यानंतर थोडेसे वाढते आणि थांबते. पिवळसर रंग जाऊन गडद तपकिरी होते आणि पुढचे कित्येक महिने, थंडी सोसून झाल्याशिवाय, हलत नाही. थंड मुलखातल्या या किड्याला हिवाळ्यात तुती मिळत नसे, म्हणून ही सोय. गंमत अशी की अंड्याने झोपायचे की नाही हे अंडे ठरवत नाही, आई ठरवते. आणि आईही ते स्वतः अंड्यात असतानाच ठरवून बसलेली असते. तिचे अंडे २५ अंश सेल्सिअसच्या उबेत आणि उजेडात वाढले असेल, तर पुढे तिच्या शरीरात एक संप्रेरक तयार होते आणि तिची अंडी झोपतात. तिचे अंडे १५ अंशांवर अंधारात वाढले असेल, तर तिची अंडी न थांबता उबतात. म्हणजे एका पिढीने अनुभवलेल्या हवामानाचा हिशेब पुढची पिढी चुकता करते.

शेतकऱ्याला अर्थातच महिने थांबता येत नाही. म्हणून बीज केंद्रात अंडी घातल्यापासून साधारण एक दिवसाच्या आत ती गरम, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे बुडवतात. त्याने झोप लागायच्या आधीच मोडते आणि अंडे दहा-अकरा दिवसांत उबते. आपल्या शेतकऱ्याच्या हाती येणारी अंडी अशी उठवलेली असतात. त्यांना २५ अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. हवा कोरडी राहिली तर अळी अंड्यातच वाळते आणि उबण्याचे प्रमाण घसरते.

उबण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक अंड्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसू लागतो. ते अळीचे डोके. दुसऱ्या दिवशी सगळे अंडे निळसर दिसते. ठिपका दिसताच अंडी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायची. अंधारात पुढे गेलेले गर्भ बाहेर पडायला थांबतात आणि मागे राहिलेले त्यांना गाठतात. उबण्याच्या दिवशी पहाटे कागद काढून उजेड दिला की दोन-तीन तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त अळ्या एकदम बाहेर येतात. कागद गुंडाळला नाही तर उबणे दोन-तीन दिवस रेंगाळते, आणि मग त्या बॅचमध्ये पहिल्या दिवसापासून तीन वयांच्या अळ्या असतात. पुढे कितीही पाला घाला, ही फूट सांधत नाही.

पन्नास हजार अंड्यांपैकी पंचाण्णव टक्के उबली असे धरू. साडेसत्तेचाळीस हजार अळ्या झाल्या. काळ्या, केसाळ, तीन मिलिमीटर लांब, मुंगीसारख्या. वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. तीन-साडेतीन आठवड्यांनी यातलीच अळी चार-पाच ग्रॅमची होणार आहे, म्हणजे दहा हजार पट. पण सुरुवातीला ती खाते नावापुरते. पहिल्या अवस्थेत शंभर अंडीपुंजांना जेमतेम दोन-तीन किलो कोवळा पाला पुरतो, तर संपूर्ण बॅचला जवळपास एक टन लागतो आणि त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त एकट्या पाचव्या अवस्थेत जातो. त्यामुळे पहिल्या दोन अवस्था आता बहुतेक शेतकरी स्वतः सांभाळतच नाहीत. चॉकी केंद्र त्या सांभाळते. तिथे २७-२८ अंश तापमान आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता राखतात, बारीक चिरलेला पाला देतात, त्यावर मेणकागद झाकतात. दुसरी कात टाकून झालेल्या अळ्या मग शेतकऱ्याच्या शेडवर येतात. खर्च वाचवायला चॉकी घरी करणारे अजून आहेत. पण बाळअळीला लागणारी दमट ऊब आणि मोठ्या अळीला लागणारी कोरडी गार हवा एकाच शेडमध्ये सांभाळणे अवघड. मला विचाराल तर चॉकी विकतच घ्यावी.

आठवा दिवस. अळ्या शेडमध्ये आल्या. तिसरी अवस्था तीन-सव्वातीन दिवसांची असते. अकराव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आपला शेतकरी रॅकपाशी उभा आहे. या एका रात्रीपाशी आपल्याला जरा जास्त थांबायचे आहे.

अळीची कातडी शरीराबरोबर थोडी ताणते, पण डोक्याचे कवच अजिबात वाढत नाही. वाढायचे तर जुने सगळे टाकायलाच हवे. सगळे म्हणजे वरची कातडीच नव्हे. जबडे, घशापासून पुढच्या आतड्यापर्यंतचे आतले अस्तर, श्वासनलिकांचे अस्तर, सगळेच बदलते. ज्या जबड्याने खायचे आणि ज्या नळीतून गिळायचे तेच दुरुस्तीला काढलेले असते, म्हणून अळी खात नाही. बसण्यापूर्वी ती बेडवर रेशमाचे बारीक धागे सोडून त्यात पाय अडकवते, डोके वर करते आणि तशीच राहते. धाग्यांनी जुनी कातडी बेडला धरून ठेवली की तिच्यातून पुढे सरकत बाहेर पडता येते. या वेळी कोणी बेड हलवला किंवा अळ्या उचलल्या तर तो आधार तुटतो, कातडी शेपटीकडे अडकून राहते आणि अळी मरते.

शेतकरी म्हणतात, ‘अळ्या मोल्ट बसल्या.’ बसणारी अळी ओळखायला सोपी असते. कातडी ताणून चकाकते, अंग पिवळसर दिसते, डोके शरीराच्या मानाने फार लहान वाटते आणि त्याच्या मागे एक गडद त्रिकोण दिसतो. तो त्रिकोण म्हणजे जुन्या कवचामागे तयार झालेले नवे डोके. उठलेली अळी याच्या उलट: डोके मोठे, अंग राखट, कातडी सैल आणि सुरकुतलेली. जिवाला भूक लागलेली असते, म्हणून ती बेडवर इकडेतिकडे फिरू लागते.

आता सहा वाजता आपल्या शेतकऱ्याने मोजून पाहिले. सत्तर टक्के अळ्या बसल्या आहेत, तीस टक्के अजून खातात. येथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट सवयीची. संध्याकाळच्या खाद्याची वेळ आहे, चौदा हजार अळ्या उपाशी कशा ठेवायच्या म्हणून तो रोजच्यासारख्या भरपूर फांद्या घालतो. बसलेल्या तेहतीस हजार अळ्या पाल्याखाली गाडल्या जातात. ओला पाला, खालची विष्ठा आणि झाकलेली हवा यांनी बेड दमट होतो. नवी कातडी सुरुवातीला पातळ आणि ओली असते. रोगजंतूंना तिच्याएवढे सोपे दार दुसरे मिळत नाही. सकाळी मागे राहिलेल्या अळ्या बसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिल्या अळ्या उठतात आणि समोर पडलेला शिळा, मऊ झालेला पाला खायला लागतात. शेवटच्या अळ्या त्या वेळी अजून बसलेल्याच असतात. अंतर बारा तासांचे झाले. चौथ्या कातीला हेच पुन्हा झाले की ते एका दिवसावर जाते. कोष विणायची वेळ येते तेव्हा शेडमध्ये काही अळ्या विणत असतात, काही अजून खात असतात, काही चुकून खाणाऱ्यांच्या बेडमध्येच पाल्यावर विणायला बसलेल्या असतात.

दुसरी वाट अशी. सहा वाजता फक्त हलका पाला, तोही पातळ पसरून. मागे राहिलेल्या अळ्यांना तेवढा पुरतो आणि बसलेल्यांच्या अंगावर ओझे होत नाही. रात्री दहाला पुन्हा पाहिले तर नव्वद टक्क्यांच्या वर बसल्या. आता खाद्य बंद. पातळ कापडातून चुन्याची भुकटी बेडवर सारखी भुरभुरायची. चुना दोन कामे करतो: उरलेला पाला आणि विष्ठा सुकवतो, आणि लवकर उठणाऱ्या अळीला तो पाला खाऊ देत नाही. खिडक्या उघडायच्या, हवा खेळती ठेवायची. पण जोराचा कोरडा वारा थेट बेडवर येऊ द्यायचा नाही, नाहीतर कातडी अंगालाच चिकटून वाळते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अळ्या उठायला लागतात आणि येथे खरा धीर लागतो. निम्म्या अळ्या डोकी वर करून अन्न शोधताना दिसतात आणि तरी पाला द्यायचा नसतो. पंचाण्णव टक्के उठेपर्यंत थांबायचे, मग ती रात्र उलटली तरी चालेल. आधी उठलेल्या अळीला दहा-बारा तासांच्या उपासाने फारसा तोटा होत नाही. सगळ्या उठल्या की ‘विजेता’सारखी निर्जंतुक भुकटी बेडवर धुरळायची, अर्धा तास थांबायचे आणि मग सगळ्यांना एकदम ताजा पाला द्यायचा. संपूर्ण बॅचला या भुकटीची चार-पाच किलो लागते. ती मोल्ट उठल्यावर द्यायची असते, बसताना नव्हे. चुना आणि भुकटी यांची वेळ उलटी करणारे अनेक जण आहेत.

उरलेल्या पाच टक्क्यांचे काय? त्यात काही अशक्त असतात आणि काही आजारी. बसायच्या वेळी न बसणारी अळी ही शेडमधली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. ग्रासरी हा विषाणूजन्य रोग झालेली अळी कात टाकायला बसत नाही. ती अस्वस्थ होऊन बेडच्या कडेकडेने फिरते, तिच्या वलयांमधले सांधे सुजतात, कातडी इतकी नाजूक होते की धक्क्याने फुटते आणि दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो. त्या एका थेंबात असंख्य विषाणू असतात. खाण्याच्या दिवसांत हजारो फिरणाऱ्या अळ्यांत ही एक ओळखू येत नाही. पण सगळ्या स्तब्ध बसलेल्या असताना फिरणारी अळी लगेच नजरेत भरते. चिमट्याने उचलायची, ब्लीचिंग पावडर आणि चुना घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायची आणि शेडपासून दूर पुरायची. कोंबड्यांपुढे टाकायची नाही. कोंबडीच्या विष्ठेतून रोग पुन्हा अंगणात येतो.

चौथी अवस्था लवकर उरकू. चार-पाच दिवस, तीच काळजी, तापमान २५ अंशांपर्यंत खाली आणि बेड दुप्पट पसरलेला. तिच्या शेवटी येणारी चौथी कात सर्वांत लांब, तीस तासांची. ती नीट पार पडली तर पाचव्या अवस्थेत सात-आठ दिवस अळी अखंड खाते. या दिवसांत तिला २४ अंश आणि ६५-७० टक्के आर्द्रता हवी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांच्या पुढे पारा गेलेला असतो, म्हणून शेडनेट, ओली बारदाने आणि फॉगर लावून जेमतेम टिकाव धरावा लागतो. दाटी आणि उकाडा एकत्र आले की पचन बिघडून अळ्या मलूल पडतात, काळ्या पडून सडतात. तो फ्लॅचरी रोग. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, दमट गारव्यात, मेलेली अळी खडूसारखी कडक आणि पांढरी होते. ती मस्करडाईन नावाची बुरशी. उझी माशी शिरली तर अळीच्या अंगावर काळा डाग दिसतो, आणि आतली किडी पुढे कोषाला भोक पाडून बाहेर येते. त्यावर दार-खिडक्यांना जाळी हाच उपाय.

खात असलेल्या अळीला आता थांब आणि वीण हे कोण सांगते? तिच्या शरीरात दोन संप्रेरकांचा खेळ चालू असतो. एक्डायसोन कात टाकायला लावते. जुव्हेनाईल हार्मोन सांगते की अळीच राहा. दोन्ही असतील तेव्हा कात पडते आणि बाहेर पुन्हा अळीच येते. पाचव्या अवस्थेत जुव्हेनाईल हार्मोन उतरते, आणि मग एक्डायसोन वाढले की अळी खाणे सोडून कोषाकडे वळते. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये एक्डायसोन प्रथम वेगळे काढले ते याच किड्याच्या प्युपांतून. पाचशे किलो प्युपांमधून त्यांना पंचवीस मिलिग्रॅम मिळाले.

या माहितीचा शेडमध्ये थेट उपयोग होतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ‘संपूर्णा’ हे द्रावण वनस्पतींतून मिळणाऱ्या एक्डायसोनसदृश पदार्थाचे आहे. शंभरातल्या चार-पाच अळ्या पक्व झाल्या की ते पाल्यावर फवारून देतात आणि उरलेल्या एका दिवसाच्या आत पक्व होतात. आधीच्या कातींत अंतर पडलेले असेल तर त्याची थोडी भरपाई याने होते. थोडीच, कारण मागे असलेली अळी पूर्ण खाण्याआधीच विणायला बसते आणि तिचा कोष हलका येतो.

हाच खेळ उलटाही बिघडतो. काही कीटकनाशके जुव्हेनाईल हार्मोनची नक्कल करतात. पांढरी माशी मारायला वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन त्यातले एक. त्याचा अंश तुतीवर उडाला तर अळी मरत नाही. ती खात राहते, मोठी होते, टपोरी दिसते आणि कोष करत नाही, कारण तिच्या शरीराला अजून अळीच राहण्याचा निरोप मिळत असतो. गेल्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या रेशीम उत्पादकांना याच जातीच्या फेनोक्सिकार्बने असाच फटका दिला होता. झटपट मारणारी औषधे ओळखणे सोपे: अळ्या हिरवट द्रव ओकतात, आखडतात, पिळवटतात. न विणणारी बॅच मात्र शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम दिसते, आणि शेतकरी अंडी पुरवणाऱ्याला दोष देत बसतो. बाजूच्या कपाशीत गेल्या महिन्यात काय फवारले हे विचारायला त्याला सुचत नाही.

आपली बॅच सुदैवाने वाचली. पंचविसावा दिवस. अळ्यांनी पाला सोडला, अंग आक्रसले, कातडीतून मधासारखा पिवळसर उजेड आरपार दिसू लागला. शरीराच्या वजनाच्या जवळपास चाळीस टक्के आता रेशीम ग्रंथी आहेत. एका चंद्रिकेवर हजार-अकराशे अळ्या सोडायच्या, म्हणजे चौरस फुटाला चाळीस-पंचेचाळीस. जास्त टाकल्या तर दोन अळ्या मिळून एकच कोष करतात. डबल कोष दिसायला मोठा, पण दोन धागे एकमेकांत अडकलेले असल्याने तो सरळ उलगडत नाही आणि बाजारात वेगळा काढला जातो.

अळी रेशीम पिचकारीसारखे बाहेर टाकत नाही. ग्रंथीत ते घट्ट द्रव असते. अळी त्याचा थेंब एका जागी चिकटवते आणि डोके मागे घेते; त्या ओढीने द्रवाचा धागा होतो. दोन ग्रंथींमधून दोन तंतू येतात आणि सेरिसिन नावाचा डिंक त्यांना जोडतो. डोके इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत ती दोन-तीन दिवस विणत राहते आणि हजार-बाराशे मीटर लांबीचा एकच अखंड धागा स्वतःभोवती गुंडाळते.

हेही उपासाचेच दिवस, आणि येथेही शेडवाला सुटकेचा श्वास टाकतो. विणायच्या आधी प्रत्येक अळी शेवटची पातळ विष्ठा आणि लघवी टाकते. हजारो अळ्यांचे ते पाणी शेडमध्येच राहते. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर ठेवली नाही तर सेरिसिन वेळेत सुकत नाही, थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पुढे कोष उकळून धागा काढताना तो पुन्हापुन्हा तुटतो. कोष वरून पांढरा, टणक, देखणा दिसतो. दोष रीलिंगवाल्याला कळतो आणि त्या शेडच्या मालाचा भाव पुढच्या वेळी पडतो. चंद्रिका उभ्या करून खालचे पेपर बदलणे आणि खिडक्या उघडणे, एवढेच काम असते. तेही बरेचदा होत नाही.

विणून झाल्यावर कोषाच्या आत पाचवी कात पडते आणि अळीची प्युपा होते. ती आधी पिवळसर आणि लिबलिबीत असते, दोन दिवसांत तपकिरी आणि टणक होते. कोष सहाव्या-सातव्या दिवशी काढायचे. चौथ्या दिवशी बाजाराची घाई केली तर पोत्यातल्या दाबाने मऊ प्युपा फुटते, तिच्या रक्ताचा डाग कवचातून बाहेर उमटतो आणि शेजारचे कोषही खराब होतात. खात्री करायला दोन-चार कोष कापून पाहावेत. उशीरही चालत नाही. विणायला बसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पतंग तोंडातून सेरिसिन विरघळवणारे विकर सोडून कोषातून बाहेर येतो, आणि भोक पडलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही. म्हणून धाग्यासाठीचे कोष गरम हवेत सुकवून प्युपा मारतात. बीजासाठी ठेवलेल्या कोषांतून मात्र पतंग निघू देतात. तो ना खातो ना उडू शकतो, काही दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून संपतो.

आता आपल्या शेतकऱ्याचा हिशेब. साडेसत्तेचाळीस हजार अळ्यांपैकी नव्वद टक्क्यांनी कोष केले तर पावणेत्रेचाळीस हजार कोष. एक कोष सरासरी १.७ ग्रॅमचा धरला तर जवळपास ७३ किलो. पहिल्या वाटेने गेलेल्या बॅचमध्ये सत्तर टक्के कोष झाले आणि सरासरी १.५ ग्रॅमवर आली, असे समजू. तर हाती ५० किलो. त्यातले डबल, डागी आणि पोचट वेगळे निघतील ते निराळेच. पाला दोघांनी सारखाच खर्च केलेला आहे. जालन्यात २०१८ पासून कोष बाजार झाल्याने माल कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत नेण्याचा खर्च अनेकांचा वाचला आहे, पण लिलावात कोष हातात घेऊन दाबून पाहणारा व्यापारी दोन्हीकडे सारखाच.

रेशीम शेतीचे शिक्षण घेणाऱ्यांनी आपल्या पहिल्या बॅचला एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक मोल्टला तीनच वेळा लिहाव्यात: खाद्य कधी बंद केले, पहिली अळी कधी उठली, पुन्हा खाद्य कधी दिले. शेजारच्या रानात कोणती फवारणी कधी झाली, तेही त्याच पानावर टिपावे. कोष विकून आल्यावर ती वही आणि बाजाराची पावती शेजारी ठेवून वाचा, आणि मगच पुढच्या अंडीपुंजांची मागणी नोंदवा.